‘आपण’ म्हणजे नेमकं कोण? एका गळक्या नळाचं प्रकरण

बुधवारी दुपारी सव्वातीनला मला ऑफिसात घरमालकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण नेहमीचं ‘हाऊ आर यू’ही नव्हतं. तुमच्या घरी प्लंबर का आलाय आणि तो वॉचमनला डक्टमधला पाण्याचा कॉक बंद करायला का सांगतोय, एवढंच त्यांनी विचारलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘विचारून सांगते’ म्हणून फोन ठेवला आणि बाबांना लावला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘अगं, तूच तर लिहिलंयस, आपण करून घ्यावं म्हणून. घेतोय करून.’

हे प्रकरण जून २०२४ मधलं, बंगळुरूतलं. घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावरचं. घरमालक निवृत्त गृहस्थ, राहायला म्हैसूरला. त्यांना कन्नड आणि इंग्रजी येतं. मला कन्नडमधली तीन वाक्यं येतात आणि तिन्ही रिक्षावाल्यासाठीची आहेत, त्यामुळे आमचा सगळा व्यवहार इंग्रजीत आणि तोही मेसेजवर चालतो. आई-बाबा कराडहून माझ्याकडे राहायला आलेले. बाबांचं इंग्रजी बँकेच्या कामापुरतं. आईचं माहेर जत भागातलं, त्यामुळे तिला कन्नड बऱ्यापैकी कळतं, बोलायला मात्र ती लाजते.

मी सकाळी साडेआठला बाहेर पडते ती संध्याकाळी सातला परत. म्हणजे दार उघडणार आई-बाबा, वॉचमनचा इंटरकॉम घेणार आई-बाबा, आलेल्या माणसाला सिंक दाखवणार आणि ‘काय काय बदलू?’ याला उत्तर देणारही तेच. मी घरमालकांशी काय बोलले हे त्यांना नुसतं ढोबळ कळून भागणार नव्हतं, त्यावर त्यांना वागायचं होतं. शिवाय घर घेताना भरलेल्या मोठ्या डिपॉझिटमध्ये बाबांचेही पैसे होते, त्यामुळे ‘त्यांना काय लिहिलंस?’ हा प्रश्न ते हक्काने विचारायचे. म्हणून घरमालकांना काहीही पाठवलं की त्याची मराठी प्रत घरच्या ग्रुपवर टाकायची, असा आमचा रिवाज पडला होता.

सोमवारचा मेसेज

शनिवारी, ८ जूनला स्वयंपाकघरातला सिंकचा नळ ठिबकायला लागला. सोमवारी लिफ्टमध्ये उभ्याउभ्या मी हे पाठवलं:

```
Sir, the kitchen tap is leaking since 2 days.
Kindly get it done at the earliest. Thank you.
```

आणि ग्रुपवर मराठी प्रत:

> सर, स्वयंपाकघरातील नळ दोन दिवसांपासून गळत आहे. कृपया आपण ते लवकरात लवकर करून घ्यावे. धन्यवाद.

घरमालकांनी अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा फोटोही मी ग्रुपवर टाकला, कारण मला वाटलं काम झालं.

आता ही मराठी प्रत बाबांच्या चष्म्यातून वाचा. ‘आपण ते लवकरात लवकर करून घ्यावे.’ माझ्या मनात ‘आपण’ म्हणजे घरमालक, अर्जात लिहितो तसा आदरार्थी. बाबांच्या मनात ‘आपण’ म्हणजे आपण, आपल्या घरातले तिघं. मराठीत दोन्ही अर्थ तितकेच बरोबर आहेत. आणि वाचणारा जर घरचाच माणूस असेल, मेसेज घरच्याच ग्रुपवर आलेला असेल, तर दुसरा अर्थ आधी मनात येणार. वर घरमालकांचा अंगठा. बाबांनी त्याचा अर्थ ‘करून घ्या, माझी हरकत नाही’ असा लावला. यात त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर मीही हार्डवेअरच्या दुकानातून माणूस बोलावला असता.

इंग्रजी वाक्यही काही निर्दोष नव्हतं. ‘गेट इट डन’ म्हणजे कुणीतरी कुणाकडून तरी करून घ्यायचं. त्यात कोण, कधी, कुणाच्या पैशाने, काहीच नाही. नळ गळतो म्हणजे कुठून गळतो, किती गळतो, तेही नाही. ‘काइंडली’ आणि ‘थँक यू’ होतं, म्हणून मला तो मेसेज सभ्य वाटला. पण म्हैसूरला बसलेल्या माणसाने तो वाचून करायचं काय? अंगठा दाखवण्यापलीकडे त्याच्या हातात मी काही दिलंच नव्हतं.

बुधवारी आलेल्या प्लंबरने नळाला हातही लावला नाही, आणि हे त्याचं शहाणपण. नळ खोलायच्या आधी सिंकच्या वर भिंतीत असलेला कॉक बंद करावा लागतो. तो कॉक जाम होता. प्लंबरने पान्हा लावून एकदा जोर दिला, थांबला आणि म्हणाला, आणखी जोर लावला आणि आतलं काही तुटलं तर टाइल फोडावी लागेल. मग पाणी बंद करायचं तर डक्टमधून, आणि वॉचमन म्हणाला मालकांना विचारल्याशिवाय नाही. त्यानेच म्हैसूरला फोन लावला. प्लंबर आल्याचे २०० रुपये घेऊन गेला. म्हणजे घरमालकांना त्यांच्या घरातल्या जाम कॉकची बातमी माझ्याकडून नाही, वॉचमनकडून कळली. त्यांच्या आवाजातला कोरडेपणा तिथला होता.

नळाजवळ

त्या रात्री मी पहिल्यांदा नळाजवळ नीट उभी राहिले. तोवर पाच दिवस मी त्याच्या खाली कप विसळत होते, पण बघितलं नव्हतं.

नळ तीन जागांहून गळू शकतो आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. घट्ट बंद करूनही तोंडातून थेंब येत असतील, तर आतला फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, किंवा त्याच्या टोकाचा वायसर गेलेला असतो. जुन्या पद्धतीच्या नळात, चार-पाच वेढे फिरवून बंद होणाऱ्या, रबरी वायसर असतो. अर्ध्या वेढ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. नळ चालू असतानाच मुठीच्या खालून, मानेतून पाणी पाझरत असेल तर तिथलं पॅकिंग किंवा रिंग गेलेली असते. आणि नळ भिंतीत जिथे शिरतो तिथे ओल असेल तर सांध्याची टेप सुटलेली असते, किंवा मामला भिंतीच्या आतला असतो. पहिल्या दोन गोष्टी किरकोळ. तिसरी मालकाला त्याच दिवशी कळवायची, कारण ती ओल खालच्या घराच्या छतात उतरते.

आमचं पहिलं प्रकरण होतं. वेढ्यांचा जुना नळ, तोंडातून थेंब, मान कोरडी. टिश्यू पेपर भिंतीच्या सांध्याभोवती गुंडाळून पाच मिनिटं ठेवला, तोही कोरडा. तोंडाच्या जाळीवर पांढरे क्षार धरलेले. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरात हे दिसतंच.

किती गळतो, हे आईने मोजलं. तिच्याकडे दूध मोजायचं अर्ध्या लिटरचं स्टीलचं माप आहे. ते नळाखाली ठेवलं आणि घड्याळ लावलं. २५ मिनिटांत भरलं. म्हणजे मिनिटाला २० मिलिलिटर, तासाला १ लिटर २०० मिलिलिटर, दिवसाला जवळजवळ २९ लिटर, आपल्या घरातल्या दोन बादल्या. ‘टपटप गळतंय’ आणि ‘अर्धा लिटर २५ मिनिटांत’ यात फरक असा की दुसरं ऐकून माणूस आकड्याला उत्तर देतो, तक्रारीला नाही. त्यात त्या वर्षीच्या मार्चमध्ये बंगळुरूत पाण्याची एवढी ओढ होती की पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला होता. जूनमध्ये दोन बादल्यांची गोष्ट तिथे कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

पैसे कुणाचे?

बाबांचं म्हणणं ठाम होतं, घर त्यांचं, नळ त्यांचा, खर्च त्यांचा. माझंही मत तेच, करार काढून बघेपर्यंत. करारात लिहिलं होतं की किरकोळ दुरुस्त्या भाडेकरूने करायच्या. किरकोळ म्हणजे काय, ते नेहमीप्रमाणे लिहिलेलं नव्हतं.

याबाबतीत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कुणाची याची यादी आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगकाम, पाण्याचे पाइप बदलणं, वायरिंग, हे मालकाकडे. आणि भाडेकरूच्या यादीत पहिलीच गोष्ट कोणती, तर नळाचे वायसर आणि नळ बदलणं. तो आदर्श मसुदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि करारात वेगळं ठरलेलं असेल तर करार चालतो. आमच्यावर तो बंधनकारक आहे असा माझा दावा नाही. पण ‘नळ म्हणजे मालकाचाच’ हे आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही, एवढं त्यातून कळतं. ते कळल्यावर मेसेजचा सूर आपोआप बदलला. जे हक्काने मागता येत नाही, ते मागताना आवाज खाली येतोच, आणि तो खोटा वाटत नाही.

मग आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. स्पिंडल आपला. भिंतीतला कॉक मात्र वापरून झिजलेला नव्हता, वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम झालेला होता, आणि आम्हाला इथे येऊन जेमतेम सात महिने झाले होते. तो घराचा भाग, त्याचा निर्णय मालकांचा. सोमवारच्या मेसेजात हे दोन्ही ‘टॅप’ या एका शब्दात कोंबलं गेलं होतं.

गुरुवारचा मेसेज

गुरुवारी सकाळी, लिफ्टमध्ये नाही, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. सोबत बारा सेकंदांचा व्हिडिओ.

```
Good morning, Sir.
The kitchen sink tap has been dripping since Saturday, 8 June.
It does not stop even when fully closed: about half a litre
in 25 minutes (video attached).
A plumber looked at it yesterday. He did not open anything,
as the stopcock above the sink is jammed. I am sorry I did
not ask you first.
The tap may only need a new spindle, which we will pay for.
The stopcock would need your decision. Would you like to send
your own plumber, or may we call one and share his quote
before any work?
My parents are at home on Friday and Saturday, 10 am to 1 pm.
Thank you.
```

यात ‘काइंडली’ नाही, ‘रिक्वेस्ट’ नाही, ‘अर्लिएस्ट’ नाही. सभ्यपणा इतर ठिकाणी आहे. ‘मे ओन्ली नीड’ म्हणजे ‘बहुधा एवढंच लागेल’. मी प्लंबर नाही, त्यामुळे निदान ठामपणे सांगितलं नाही. शेवटी आज्ञा नाही, प्रश्न आहे, आणि प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत, ‘माझा पाठवतो’ किंवा ‘तुमचा बोलवा’. दोन्हींत काम पुढे सरकतं. अंगठा दाखवून या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, हा त्यातला छुपा फायदा.

माफीच्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी लिहिलं होतं की माझ्या वडिलांचा गैरसमज झाला. खरं होतं, पण नको वाटलं. घरमालकांच्या नजरेत बाबा ‘न विचारता प्लंबर आणणारे’ झाले असते आणि उद्या गरज पडली तर त्यांच्याशी फोनवर बोलायचं बाबांनाच होतं. मेसेज माझा, प्रत माझी, ‘आपण’ माझा. म्हणून ‘आय ॲम सॉरी आय डिड नॉट आस्क’. पुढे सारवासारव नाही आणि ‘पण’ने सुरू होणारं वाक्यही नाही. ते वाक्य मेसेजच्या सुरुवातीला टाकलं नाही, कारण मग सगळा मेसेज माफीनामा झाला असता आणि नळ मागे पडला असता.

‘डिड नॉट ओपन एनीथिंग’ हे तर मालकांसाठीच होतं. परक्या प्लंबरने काही उघडलं, तोडलं का, ही त्यांची पहिली शंका असणार. ती त्यांनी विचारायच्या आधी मिटवलेली बरी.

मराठी प्रत

आता खरं काम. याचं सरळ भाषांतर मी आधी करून पाहिलं आणि पुसून टाकलं. भाषांतरात ऐकणारा घरमालकच राहतो, आणि वाचणारे तर आई-बाबा. ‘वी विल पे’चं भाषांतर ‘आम्ही देऊ’. घरमालकांना सांगताना ‘आम्ही’ बरोबर, पण बाबांना ‘आम्ही देऊ’ म्हटलं तर ते विचारणार, आम्ही म्हणजे कोण, तू आणि कोण? बाबांसाठी ते ‘आपण देऊ’ व्हायला हवं. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘वी’ आहे, त्यामुळे इंग्रजीत हा घोटाळा दिसतच नाही. मराठीत आल्यावर मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतलं एक निवडावंच लागतं. आणि ज्या ‘आपण’ने सोमवारी घात केला, तोच इथे योग्य शब्द ठरतो, फक्त तो दुसऱ्या कुणासाठी वापरायचा नाही.

म्हणून नियम एकच केला, प्रतीत घरमालक ‘ते’ राहतील. त्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्याबद्दल सांगतेय. ‘आपण’ म्हणजे घरातले तिघं, दुसरं कुणी नाही. प्रत अशी झाली:

> आई-बाबा, घरमालकांना आज (गुरुवार) सकाळी हे कळवलंय:
>
> सिंकचा नळ शनिवार ८ तारखेपासून ठिबकतोय, पूर्ण बंद करूनही थांबत नाही. २५ मिनिटांत अर्धा लिटर, हे आईचं माप त्यांना सांगितलंय आणि व्हिडिओ पाठवलाय. बुधवारी प्लंबर बघून गेला, त्याने काही उघडलं नाही, कारण सिंकच्या वरचा भिंतीतला कॉक जाम आहे. बोलावण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं, असं मी लिहिलंय.
>
> नळाचा स्पिंडल लागला तर त्याचे पैसे आपण देणार. भिंतीतल्या कॉकचं काय करायचं ते घरमालक ठरवणार. प्लंबर ते पाठवणार की आपण बोलवायचा, हे मी त्यांना विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही. शुक्रवार आणि शनिवार, सकाळी १० ते १ तुम्ही घरी आहात असं सांगितलंय.
>
> आता आपल्यासाठी (हे त्यांना लिहिलेलं नाही): त्यांचं उत्तर येईपर्यंत कुणाला बोलवायचं नाही. प्लंबर आला तर आधी कुणी पाठवलं ते विचारा. काम सुरू व्हायच्या आधी डक्टमधून पाणी बंद झालंय का बघा. स्पिंडलशिवाय दुसरं काहीही बदलायचं म्हणाला तर त्याला थांबवा आणि मला फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी करा. हातात पैसे देऊ नका, बिल घ्या.

इंग्रजीपेक्षा ही प्रत लांब आहे, आणि ते तसंच हवं. घरमालकांना डक्टमधला कॉक बंद करायला सांगायची गरज नाही. आई-बाबांना सभ्यतेच्या वाक्यांची गरज नाही. दोन्हींत जुळायला हवं ते एवढंच: काय बिघडलं, कधीपासून, कोणत्या गोष्टीचे पैसे कोण देणार, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर यायचं आहे. पाठवण्याआधी मी दोन्ही शेजारी ठेवून फक्त तारखा, आकडे आणि पैशाची वाक्यं ताडून पाहिली. ‘यस्टर्डे’च्या जागी मराठीत ‘बुधवारी’ लिहिलं, कारण बाबा मेसेज दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून वाचतात आणि मग ‘काल’ एक दिवस पुढे सरकतो.

‘सॉरी’साठी ‘माफी मागितली’ असं लिहिलं नाही, तेही मुद्दाम. इंग्रजीत तो शब्द धक्का लागला तरी येतो. मराठीत माफी मागितली म्हटलं की काहीतरी मोठं घडलेलं असतं, आणि आपल्यामुळे लेकीला माफी मागावी लागली हे बाबांच्या मनात राहिलं असतं. ‘माझ्याकडून राहिलं’ यात खोटं काही नाही आणि वजनही तेवढंच आहे. तरीही बाबांनी संध्याकाळी विचारलंच, ‘माझ्यामुळे का गं?’ मी म्हटलं, नाही हो बाबा, ‘आपण’मुळे. ते हसले, पण तो शब्द वहीत टिपून ठेवल्यासारखे गप्प बसले.

‘स्टॉपकॉक’चं मात्र काही करावं लागलं नाही. प्लंबर, वॉचमन, बाबा, सगळे त्याला कॉकच म्हणतात. मी आधी ‘झडप’ लिहिलं होतं. आई म्हणाली, झडप मांजर घालतं.

शनिवार

वीस मिनिटांत उत्तर आलं. एका ओळीचं: त्यांचा प्लंबर शनिवारी अकराला येईल, नळाचा भाग तुमचा, कॉकचं मी बघतो. ही ओळही लगेच मराठीत ग्रुपवर टाकली, ‘कॉकचे पैसे ते देणार’ असं स्पष्ट करून, कारण ‘मी बघतो’ याचा आपल्याकडे काय अर्थ होऊ शकतो ते आपल्याला माहीत आहे. तसा अर्थ लावण्याआधी मी त्यांना विचारूनही घेतलं, ‘म्हणजे कॉकचा खर्च तुमचा ना?’ ‘यस’ आलं, मगच प्रत गेली.

प्लंबर साडेअकराला आला. आईने धीर करून कन्नडमध्ये ‘कुणी पाठवलं?’ विचारलं. तो ओडिशाचा निघाला, हिंदीत बोलला. वॉचमनला मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे डक्टमधून पाणी बंद व्हायला दोन मिनिटं लागली. भिंतीतल्या कॉकचा फक्त आतला स्पिंडल काढून नवा बसवता आला, टाइल फोडावी लागली नाही. मग नळाचा स्पिंडल काढला. वायसरवर गोल खाच पडली होती, बाबांनी तो जपून ठेवलाय, मला संध्याकाळी दाखवायला. नवा स्पिंडल बसवला, पाणी सुरू केलं, नळ बंद केला. थेंब कमी झाले, पण थांबले नाहीत.

बाबांनी आईचं माप नळाखाली ठेवलं आणि प्लंबरला चहा दिला. दहा मिनिटांनी मापाच्या तळाला पाणी होतंच. प्लंबरने बोट घालून नळाच्या आतली बैठक दाखवली, जिथे वायसर टेकतो ती पितळेची कड. क्षाराने आणि झिजेने ती खडबडीत झाली होती. अशा कडेवर वायसर नवा घातला तरी थोड्याच दिवसांत पुन्हा खाच पडते. नळच बदलावा लागणार होता, ९०० रुपयांचा.

इथे प्रतीतलं ते वाक्य कामाला आलं. बाबांनी त्याला थांबवलं आणि मला फोन केला. मी घरमालकांना नळाच्या आतल्या कडेचा फोटो आणि दोन ओळी पाठवल्या, की स्पिंडल बदलून पाहिला, कड झिजलीय, नळ ९०० चा आहे, तुम्ही सांगाल तसं. या वेळी पैशाबद्दल मी काही सुचवलं नाही. आम्ही फक्त स्पिंडलचं कबूल केलं होतं, नळाचं नाही, आणि ते लेखी होतं. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला, मला नाही, बाबांना. मोडक्यातोडक्या हिंदीत. नळ माझ्याच घरात राहणार आहे, तो माझ्याकडे, मजुरी तुम्ही द्या. बाबांनी ‘ठीक है’ म्हटलं आणि मग ग्रुपवर स्वतः लिहिलं:

> घरमालकांचा फोन आला होता. नळ ९०० व कॉकचा स्पिंडल ३५० ते देणार. मजुरी ५०० आपण देणार. आपण म्हणजे आपण.

पुढच्या महिन्याच्या भाड्यातून काही वजा करायचं नव्हतं, घरमालकांनी प्लंबरला परस्पर पैसे पाठवले. मजुरीच्या बिलाचा फोटो मी त्यांना पाठवला, नळाच्या बिलाचा त्यांनी मला. काढलेला नळाचा स्पिंडल नवाच होता, आमच्या खर्चाचा, २८० रुपयांचा. तो दुकानदाराने परत घेतला नाही. बाबांनी तो कराडच्या घरातल्या नळाला बसतो का बघायला पिशवीत ठेवलाय.

रविवारी सकाळी आईने नव्या नळाखाली रात्रभर ठेवलेलं माप उचललं, उलटं करून ओट्यावर आपटलं, कोरडं होतं. मग त्यात दूध मोजलं.